नऊवारी उंचीप्रमाणे कशी निवडायची? सासूबाईंची साडी मला आखूड होतेय (पहिला ओवसा)

रेवती_गुहागर

नमस्कार. लग्नानंतरचा माझा हा पहिला गणपती, त्यामुळे गौरीला पहिला ओवसा आहे. सासरी गौरीपुढे सुपं घेऊन नऊवारीतच जायची पद्धत आहे. सासूबाईंनी त्यांच्या ओवशाची इरकली नऊवारी जपून ठेवली आहे, हिरवी, तांबड्या रेशमी पदराची. ती मी नेसावी अशी त्यांची फार इच्छा आहे, आणि माझीही.

अडचण अशी की माझी उंची ५ फूट ८ इंच आणि सासूबाई ४ फूट ११. काल त्यांनी मला नेसवून बघितली, तर घोट्याच्या बरीच वर राहिली. चिपळूणला एका दुकानात विचारलं, तर म्हणाले, "उंच बाईला दहावारीच लागते, नऊवारी पुरणारच नाही." मी आजवर फक्त सहावारी नेसले आहे आणि ती मला कुठलीही पुरते, अगदी आईचीसुद्धा. मग सहावारी पुरते आणि तिच्याहून तीन वार जास्त असलेली नऊवारी आखूड कशी होते? दहावारी घेतली तर प्रश्न सुटेल का? गौरी यायला अजून तीन आठवडे आहेत.

पाटपाणी

दुकानदार बरोबर सांगतोय. उंच अंगाला कापड जास्त लागणारच. आमच्या मोठ्या वन्सं उंच आणि अंगाने भरलेल्या आहेत, त्यांना कायम दहावारीच आणतो. नऊवारीत त्यांचा काष्टा इतका ताणून बसतो की पाटावरून उठताना सुटतो. दहावारी घे आणि निर्धास्त हो.

मंदाकाकू_रत्नागिरी

रेवती, दुकानात परत जाण्याआधी घरात टेप असेल तर तीन मापं घे आणि इथे लिही. पहिलं, बेंबीपासून घोट्याच्या हाडापर्यंत सरळ खाली किती इंच. दुसरं, नितंबांचा घेर. तिसरं, सासूबाईंच्या साडीचा पन्हा, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची रुंदी. लांबी नंतर बघू.

पाटपाणींच्या वन्सं उंच आहेत तशाच भरलेल्याही आहेत, आणि त्यांना दहावारी लागते ती भरलेल्या अंगामुळे. साडीची लांबी अंगाभोवती आडवी जाते. पायाच्या दिशेने खाली उतरतो तो पन्हा. साडी नऊ वारांची असो की बारा वारांची, पन्हा तेवढाच राहिला तर काठ तेवढाच खाली येणार. म्हणून उंचीचा हिशेब पन्ह्याशी आणि घेराचा हिशेब लांबीशी करायचा. दुकानात लांबी सगळे सांगतात. पन्हा सांगत कुणी नाही आणि विचारतही कुणी नाही.

केळशी_किनारा

आमच्याकडे उलट अडचण आहे. गौरीच्या स्टँडची उंची साडेतीन फूट आहे आणि बायको म्हणते नऊवारी नेसवायची. मागच्या वर्षी सगळं कापड पायाशी गोळा होऊन गौर पुढून फुगलेली दिसत होती. स्टँडला किती वारी साडी घ्यावी? पूर्वी आमच्याकडे तेरड्याची गौर असायची, तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

मंदाकाकू_रत्नागिरी

दादा, रेवतीचा प्रश्न स्वतः नेसण्याचा आहे, पण तुमचंही सांगते. स्टँडला पाय नसतात, त्यामुळे काष्ट्याचं कापड जायला जागाच नाही. सहावारी घ्या. कमरेपासून जमिनीपर्यंत जेवढी उंची हवी तेवढाच पन्हा ठेवून वरचा जास्तीचा भाग आत मुडपा, आणि निऱ्या आधी जमिनीवर घालून, दोऱ्याने बांधून मगच स्टँडला लावा. नऊवारीचाच हट्ट असेल तर काष्टा नुसता दाखवण्यापुरता मागे पिनेने लावावा लागेल.

रेवती_गुहागर

काकू, मापं घेतली. बेंबीपासून घोट्यापर्यंत ३९ इंच. घेर ४० इंच. साडीचा पन्हा ४३ इंच. लांबीसुद्धा मोजली, ३२२ इंच भरली. म्हणजे नऊ वारांना दोनच इंच कमी.

पण ३९ इंचांना ४३ इंच पन्हा पुरायला हवा ना? चार इंच उरतातच की.

मंदाकाकू_रत्नागिरी

सहावारी असती तर घोट्यापर्यंत पुरलाच असता. फरक कुठे पडतो ते बघ.

सहावारी परकराच्या नाडीवर टांगलेली असते. कमरेशी तीनेक इंच आत खोचले की बाकीचा पन्हा सरळ खाली लोंबतो, कुठे ओढ नाही. तुला घोट्याखाली आणखी दोन इंच धरले तरी ३९ अधिक ३ अधिक २, म्हणजे ४४ इंच लागतात. आजकालच्या सहावारीचा पन्हा ४४-४५ इंच असतोच, म्हणून तुला आईचीही पुरते.

नऊवारीत खालचा काठ लोंबत राहात नाही. पुढच्या निऱ्यांचा खालचा काठ मधोमध उचलून दोन्ही पायांमधून मागे नेतो आणि कमरेत खोचतो, तोच काष्टा. काठ मधून वर उचलला की त्याच्या दोन्ही बाजूंचं कापडही थोडं वर ओढलं जातं. दोन्ही पायांवरचा काठ किती वर चढेल हे नेसवणाऱ्या हातावर आणि कापडावर आहे, पण मी नेसवते तेव्हा तीन ते चार इंच चढतो असं धरून चालते. गाठीला आणि खोचण्याला दोन इंच जातात. शिवाय आपल्याकडच्या नेसण्यात पोटाशी ओचा असतो. त्यासाठी निऱ्या वर उचलून खोचायच्या असतात, त्यात दोन इंच आणखी.

आता तुझा हिशेब. ३९, गाठीचे २, काष्ट्याचे ४, ओच्याचे २. एकूण ४७ इंच. साडी आहे ४३. चार इंच कमी, म्हणून घोट्याच्या बरीच वर दिसतेय. सासूबाईंची उंची बघता त्यांचं बेंबी ते घोटा माप ३३-३४ असेल. त्यात हेच आठ मिळवले की ४१-४२. म्हणून ती साडी त्यांना अगदी मापात बसत होती.

लांबी मात्र तुला पुरेशी आहे. तुझ्या घेराला पदर, छाती, खांदा मिळून सव्वादोन वार जातील, कमरेचा एक वेढा सव्वा वार, उरलेले साडेपाच वार निऱ्यांना आणि काष्ट्याला. सहावारीत हाच पदर आणि हाच वेढा असतो. कमरेभोवती आणखी पाऊण-एक वार जातो, आणि निऱ्यांना जेमतेम दीड वार राहतो. वरचे तीन वार काष्टा घालून दोन्ही पाय वेगवेगळे झाकण्यासाठी लागतात. पाय लांब असण्याशी त्यांचा संबंध नाही.

पाटपाणी

हिशेब कळला. तरी एक सांगते. वन्संना दहावारी नेसवल्यावर काठ खालीही आलेला दिसतो. फक्त घेराचं असतं तर काठ तिथेच राहिला असता ना?

मंदाकाकू_रत्नागिरी

तुमचं निरीक्षण खरं आहे. कापड जास्त असलं की निऱ्या जास्त पडतात आणि काष्टा सैल घेता येतो, त्यामुळे पायांवरची ओढ कमी होते. चारऐवजी तीन इंचच चढतो. म्हणजे दहावारीने एखादा इंच मिळतो. रेवतीला चार हवेत.

वर्षा_अलिबाग

मला हा घोट्याचा मुद्दाच समजत नाही. आमच्याकडे आगरी-कोळी बायका नऊवारी गुडघ्याच्या जरा खालपर्यंतच नेसतात. माझी आई आणि आत्या तशाच नेसायच्या. मासळीची पाटी घेऊन होडीतून उतरायचं तर घोट्यापर्यंत साडी नेसून चालतच नाही. काष्टा घट्ट, पाय मोकळे. आईची उंची आणि आत्याची उंची यांत वीतभर फरक होता, पण दोघींची लुगडी एकाच ठिकाणाहून, एकाच मापाची यायची. पन्हा मोजलेला मी कधी पाहिला नाही. जास्तीचं कापड कमरेला आवळून घ्यायचं, बस्स.

सुखदा_देवरूख

वर्षाताई, तुमच्याकडच्या नेसण्यात काठ मुद्दाम वर घ्यायचा असतो, म्हणून पन्हा कधी कमी पडत नाही. आमच्या गावातल्या कुणबी बायकाही लावणीच्या वेळी अशाच पोटरीपर्यंत खोचून नेसतात. पण ओवशाला आणि मुंजीला घोटा झाकलेला हवा असतो, तिथे मोजावंच लागतं.

माझा प्रश्न रेवतीच्या उलट आहे. उंची ४ फूट १० इंच. नवी नऊवारी घेतली, पन्हा ४८ इंच. काठ पायाखाली येतो, अंगणाच्या दोन पायऱ्या उतरताना पडता पडता वाचले. काकू, मी काय करू?

मंदाकाकू_रत्नागिरी

सुखदा, तुला ४१ पुरतात, म्हणजे सात इंच जास्त आहेत. ते काठ कापून कमी करायचे नाहीत. दोन ठिकाणी वाटून टाक.

नेसायच्या आधी वरचा काठ चार इंच आतल्या बाजूला मुडपून घे, मात्र पदराचा भाग सोडून. पदर संपून कमरेचा वेढा सुरू होतो तिथे हळूहळू मुडप वाढवत जा, एकदम घडी घातलीस तर उजव्या कुशीत गोळा दिसेल. राहिलेले तीन इंच ओच्यात घे. निऱ्या नेहमीपेक्षा जास्त वर उचलून पोटाशी नीट बसवल्या की ओचा भरदार होतो आणि काठ वर येतो. कमरेला आधी सुती नाडी बांध आणि मुडप तिच्यावरून आत ने. नाडी नसेल तर जड साडीत दोन तासांत सगळं खाली सरकतं.

आणि नेसून झाल्यावर आरशात बघून थांबू नकोस. मांडी घालून पाटावर बस, ऊठ, दोन पायऱ्या चढ-उतर कर.

शिवणघर_सावंतवाडी

मी नऊवारी शिवून देते, म्हणून थोडं माझ्या बाजूचं. शिवलेल्या नऊवारीत हे सगळं आपोआप सुटतं. मी कंबर ते घोटा माप घेते, काष्टा शिवलेला असतो, काठ हव्या त्या उंचीवर येतो. हल्ली बऱ्याच जणी सहावारीचीच शिवून घेतात, काष्टासुद्धा छान बसतो. रेवती, सासूबाईंची साडी पाठवलीस तर शिवून देईन.

मंदाकाकू_रत्नागिरी

सहावारीची शिवता येते हे खरं, कारण तिथे पाय वेगळे कापून शिवता येतात, निऱ्यांचं कापड दोनदा जात नाही. न कापता सहावारीत काष्टा घालायला गेलं, तर सव्वातीन-साडेतीन वार पदरात आणि वेढ्यात गेले की खाली अडीचच वार राहतात. बारीक मुलीला कसाबसा होईल, तोही पदर आखूड करून.

पण शिवल्याने पन्हा वाढत नाही. ४३ इंचांच्या कापडातून ३९ इंचांचा पाय काष्ट्यासकट कसा निघेल? काठ खाली ठेवून वरच्या बाजूला जोड द्यावा लागेल ना?

शिवणघर_सावंतवाडी

हो, जोड द्यावा लागेल. कमरेला तसाही पट्टा लावते, त्याच्या खाली चार इंच दुसरं कापड लावलं तर वरून पदर येतो, दिसत नाही. एरवीही उंच मुलींना मी हेच करते. फक्त एकदा कापली की साडी परत साडी होत नाही, हे मी प्रत्येकीला आधीच सांगते. सासूबाईंची आठवण असेल तर विचार करून सांग.

रेवती_गुहागर

कापायची नाही. सासूबाईंशी बोलले, त्यांना ते अजिबात चालणार नाही आणि मलाही नको आहे. पण जोडाची कल्पना आवडली. न कापता नुसता वरून जोड लावता येईल का? साडी जुनी आहे, अंग सुती, पदर रेशमी.

मंदाकाकू_रत्नागिरी

येईल. मांजरपाटाची पाच इंच रुंद पट्टी घे, आधी धुऊन वाळवून, नाहीतर नंतर आटून साडीला सुरकुत्या पाडेल. एक इंच साडीच्या वरच्या काठाच्या आतल्या बाजूला ठेवून हातानेच मोठ्या टाक्यांचा धावदोरा घाल. मशीन नको, जुन्या सुताला सुईची भोकं रांगेत पडली की तिथून फाटतं. दोरा सुती आणि साध्या ताकदीचा घे. ताण आला तर दोरा तुटला पाहिजे, साडी नाही. काम झालं की दोरा ओढून पट्टी काढून घेता येते.

पट्टी संपूर्ण लांबीला लावायची नाही. पदराच्या टोकापासून सव्वादोन वार मोजून तिथे खूण कर. ती साधारण तुझ्या उजव्या कुशीत येईल. तिथून थोडी पुढे, पाठीकडे सरकून पट्टी सुरू कर, आणि दुसऱ्या टोकापर्यंत ने. म्हणजे साडेसहा वारांच्या आसपास पट्टी लागेल, तीन तुकडे जोडून चालेल.

आता गाठ, खोचणं आणि ओच्याचा वरचा भाग यांत मांजरपाट जाईल, साडीचे ४३च्या ४३ इंच खाली उतरतील. ४३ आणि ४ मिळून ४७. तुला तेवढेच हवे आहेत.

एक अडचण आहे. ओचा पुढून दिसतो, त्यात पांढरी पट्टी डोकावली तर वाईट दिसेल. हिरव्या रंगाचंच सुती कापड मिळालं तर बरं. गाठ बेंबीच्या बोटभर खाली बांधलीस तर आणखी थोडी सोय होईल.

पाटपाणी

आणि जोड न लावता? ओचा काढूनच टाकला तर?

मंदाकाकू_रत्नागिरी

ओचा नसेल तर दोन इंच वाचतात, गाठ खाली घेतली तर एक-दीड. चारातले साडेतीन झाले. पेशवाई पद्धतीने नेसतात तेव्हा ओचा नसतोच, पुढे निऱ्या सपाट असतात. पण काष्टा जास्त ताणून बसवतात, त्यामुळे पायावर काठ आणखी चढायचा धोका आहे. रेवतीने एकदा तसं नेसून बघावं. पण ओवशात सुपं घेऊन खाली वाकायचं आहे, वाण ठेवायचं आहे, नमस्कार करायचा आहे. ताणलेला काष्टा तिथे त्रास देईल.

रेवती_गुहागर

मैत्रिणीकडून पोपटी रंगाची पॉपलीन मिळाली, पट्टी जोडून काल संध्याकाळी नेसून बघितलं. सासूबाईंनी नेसवली, मी फोनवरून काकूंचं लिहिलेलं वाचत होते. पुढून काठ अगदी घोट्यावर आला. पण मागून बघितलं तर पोटऱ्या अर्ध्या उघड्या. मग पुन्हा पन्हाच कमी पडतोय का? आणि उजव्या पायावर काठ डाव्यापेक्षा वर आहे.

मंदाकाकू_रत्नागिरी

पन्हा कमी असता तर चारही बाजूंनी सारखाच वर दिसला असता, पट्टीशिवाय पहिल्यांदा नेसवली तेव्हा दिसला तसा. पुढून बरोबर आणि मागूनच वर असेल तर काष्टा जास्त ओढून खोचलाय. सासूबाईंना त्यांच्या हाताची सवय आहे. त्यांचं अंतर तुझ्यापेक्षा कमी आहे, त्या जिथपर्यंत ओढतात तिथपर्यंत तुझ्या अंगावर ओढलं तर ताण येणारच. त्यांना सांग, काष्ट्याचं टोक मागे नेल्यावर खोचण्याआधी तू थोडी वाक, अर्धी बैठक मार, आणि त्या स्थितीत जेवढं कापड मागे येईल तेवढंच खोचायचं. उभी राहिलीस की आपोआप सैल पडेल आणि पोटऱ्या झाकल्या जातील.

डावा-उजवा फरक निऱ्यांमुळे आहे. काष्ट्यासाठी काठ उचलताना तो निऱ्यांच्या बरोबर मध्यावर पकडला पाहिजे. निऱ्या घालून झाल्या की त्यांचा गठ्ठा अर्धा-अर्धा करून बघ, डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी गेल्या असतील. ज्या पायावर कमी निऱ्या, तिथे काठ ताणून वर जातो.

आणि तिसरी खूण सांगून ठेवते, तुला लागणार नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांना लागेल. काठ सगळीकडे घोट्यावर आहे, पण मांडीवर कापड आवळून बसतं आणि पाऊल मोठं टाकता येत नाही, तर लांबी कमी पडली. तिथे दहावारी घ्यावी. घेर ४६-४७ च्या पुढे गेला की माझ्या हाताला हे जाणवायला लागतं.

सुखदा_देवरूख

काकू, मुडप आणि ओचा, दोन्ही करून बघितलं. पायऱ्या आता सहज चढते-उतरते. पण पोट फार पुढे आल्यासारखं दिसतं. ओचा भरदार म्हणजे नक्की किती?

मंदाकाकू_रत्नागिरी

मग वरची मुडप पाच इंच कर आणि ओच्यात दोनच इंच घे. साडी जाड असेल तर ओचा कमीच ठेवावा. मऊ सुतीत जास्त घेतला तरी बसून जातो.

वर्षा_अलिबाग

हे सगळं वाचून आईची एक जुनी साडी काढून पन्हा मोजला. ४४ भरला. म्हणजे तिला तो घोट्यापर्यंत पुरला असता, तरी ती नेसायची पोटरीपर्यंतच. काकू, नवीन साडी घेताना किती पन्हा मागायचा? माझ्या मुलीची उंची ५ फूट ६ आहे आणि तिला घोट्यापर्यंतच हवी आहे.

शिवणघर_सावंतवाडी

मुलीचं बेंबी ते घोटा मोजून त्यात आठ मिळवा, काकूंनी सांगितलं तसं. ३८ असेल तर ४६ लागेल. सुती असेल तर धुतल्यावर थोडा आटतो, म्हणून इंचभर जास्त धरा. दुकानात टेप घेऊनच जा आणि साडी मधोमध मोजा, काही साड्या टोकाला रुंद आणि मध्ये कमी भरतात. आणखी एक, ब्लाऊजपीस जोडलेला असेल तर तो वगळून लांबी विचारा. नऊवारी म्हणून दिलेल्या साडीतून पाऊण मीटर ब्लाऊजला गेला की हातात साडेसात मीटरच्या आसपास उरतात, आणि पूर्ण नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर.

केळशी_किनारा

शिवणघर, आमच्या घरची एक नऊवारी आत्ता मोजली, ब्लाऊजपीस कापलेला आहे आणि साडी ७.४ मीटर भरली. बायको बारीक आहे, तिला चालेल का?

शिवणघर_सावंतवाडी

बारीक असतील तर चालेल, काष्टा थोडा कमी निऱ्यांचा करा. बाहेर जायच्या आधी एकदा मांडी घालून बसून बघा.

रेवती_गुहागर

आज अर्धी बैठक मारून काष्टा खोचला. पोटऱ्या झाकल्या गेल्या. निऱ्या मोजल्या तर खरंच डावीकडे दहा आणि उजवीकडे सहा गेल्या होत्या, आता आठ-आठ केल्या. सुपं घेऊन खाली वाकले, उठले, सगळं जागेवर राहिलं.

आता एकच वाद आहे. सासूबाईंना काठ पैंजणाच्या वर हवा, "पैंजण आणि जोडवी दिसली पाहिजेत" म्हणतात. आत्येसासूबाई म्हणतात, घोटा झाकलाच पाहिजे. तुमच्याकडे ओवशाला काय करतात?

सुखदा_देवरूख

आमच्याकडे घोटा झाकतात.

पाटपाणी

आमच्याकडे पैंजण दिसतील इतकी वर नेसतात, आजीपासून तसंच आहे. सासूबाईंचं ऐक, साडी त्यांची आहे.

मंदाकाकू_रत्नागिरी

हे गावागावाप्रमाणे बदलतं, एका गावात दोन घरांत वेगळं असतं. सासूबाईंसारखं हवं असेल तर ओच्यात एक इंच जास्त उचल, पट्टी आहे तशीच राहू दे. आत्येसासूबाई आल्या तर ओच्यातला तो इंच सोड, काठ पुन्हा घोट्यावर येईल.